मोबदला, गुणवत्ता आणि घडवलेली टंचाई

मित्रहो,

जून २०२० मध्ये मुंबईची लोकल पुन्हा धावू लागली, ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. ओळखपत्र दाखवून डब्यात चढणाऱ्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, वॉर्डबॉय होते आणि महापालिकेचे सफाई कामगारही होते. कोणाच्या कामावाचून शहराचं एक दिवसही भागत नाही, याचं उत्तर त्या काळात सरकारलाच द्यावं लागलं होतं. त्या यादीतल्या माणसांचे पगार मात्र एकमेकांपासून कोसो दूर होते. हे अंतर कशामुळे, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९४५ साली एका छोट्या लेखात दिलं. प्रत्येक समाजात काही पदं भरावीच लागतात, असं ते म्हणतात. त्यांतली काही पदं समाजाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची असतात, आणि काहींना दुर्मीळ कुवत किंवा लांबलचक प्रशिक्षण लागतं. अशा पदांवर योग्य माणसं यावीत आणि त्यांनी मन लावून काम करावं, म्हणून समाज तिथे पैसा, सुखसोयी आणि मान जास्त ठेवतो. ही विषमता कोणी ठरवून आणलेली नाही. समाज चालता राहावा म्हणून ती नकळत घडत गेली, असं त्यांचं म्हणणं. या विचाराला कार्यवादी म्हणतात, कारण एखादी गोष्ट समाजात का टिकली याचं उत्तर तो तिच्या कार्यात शोधतो.

या सिद्धांतावर पहिला आक्षेप सहसा असा घेतला जातो की सफाई कामगार संपावर गेले तर चार दिवसांत शहर आजारी पडेल, मग त्यांना पगार कमी का? या आक्षेपाने डेव्हिस-मूर पडत नाहीत. नुसतं महत्त्व पुरत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. काम महत्त्वाचं असेल, पण ते करायला माणसं सहज मिळत असतील, तर मोबदला वाढवण्याची गरज पडत नाही. सफाईला माणसं रांग लावून मिळतात, शल्यचिकित्सक मिळत नाहीत, असं त्यांचं उत्तर असेल. म्हणजे सगळा भार येऊन पडतो टंचाईवर. माझ्या मते खरा वाद इथूनच सुरू होतो.

मुंबईचंच उदाहरण घेऊ. कचऱ्याच्या गाडीवर चढून डबे रिकामे करणाऱ्या माणसाला पालिकेत मोटर लोडर म्हणतात. वर्षानुवर्षं या कामावर दोन प्रकारची माणसं होती. काही पालिकेच्या आस्थापनेवर कायम होती, तर काही कंत्राटदारामार्फत आलेली. कचरा तोच, वास तोच. कायम कामगाराला वेतनश्रेणी, भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी. कंत्राटी माणसाच्या हातात त्याहून खूपच कमी पैसे, आणि आजारी पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्यांच्या संघटनेने न्यायालयीन लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला.

आता हे सिद्धांताच्या चौकटीत बसवून पाहा. आदेशाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कामाचं महत्त्व सारखंच होतं. लागणारं कौशल्य सारखंच होतं. बाहेर काम मागणाऱ्यांची संख्याही कमी झाली नव्हती. तरी मोबदल्याचा हक्क बदलला. बदलली ती फक्त त्या माणसांची सौदा करण्याची ताकद. पगार ठरण्यात ही ताकद इतकी निर्णायक असेल, तर केवळ पगाराच्या आकड्यावरून पदाचं महत्त्व किंवा माणसाची दुर्मीळता वाचता येत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन यांनी १९५३ मध्ये डेव्हिस-मूर यांना दिलेलं उत्तर याच दिशेने जातं. त्यांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा असा की टंचाई ही आधीपासून असलेली गोष्ट नसते, पुष्कळदा ती विषमतेनेच निर्माण केलेली असते. समाजात गुण किती आहे हे कळायला आधी सगळ्या मुलांना तो दाखवायची संधी मिळायला हवी. जिथे आईबापांच्या मिळकतीवर मुलाची शाळा ठरते, तिथे गुणाचा मोठा साठा तपासलाच जात नाही. शिवाय जे आत पोचलेले असतात, ते आपल्या व्यवसायाचं दार अरुंद ठेवू शकतात. मग डॉक्टर कमी आहेत म्हणून महाग, आणि ते कमी का, तर जागा कमी आणि त्यांतल्या बऱ्याच लाखोंच्या शुल्कामागे बंद. अशा टंचाईला निसर्गाचा न्याय म्हणता येणार नाही.

प्रशिक्षणाच्या त्यागाचा मुद्दा ट्यूमिन यांनी फार बारकाईने तपासलाय. डॉक्टरने ऐन तारुण्याची वर्षं अभ्यासात घातली, म्हणून त्याला जास्त मिळावं, हे आपल्यालाही पटतं. पण तो खर्च कोणी केला? बहुतेक वेळा आईवडिलांनी, आणि त्यांना तो परवडला तो आधीच्या विषमतेमुळे. आपल्या परळचं सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय तर महापालिकाच चालवते. म्हणजे तिथल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा मोठा भाग या शहरातला प्रत्येक करदाता उचलतो. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, या काळात बुडालेली कमाई भरून द्यायची म्हटली, तरी ट्यूमिन यांच्या हिशेबाने ती नोकरीच्या पहिल्या दहाएक वर्षांत वसूल होते. पुढची पंचवीस-तीस वर्षं तोच अधिकचा मोबदला कशाची भरपाई म्हणून, याचं उत्तर सिद्धांताकडे नाही. आणि ज्या वर्षांना आपण त्याग म्हणतो, त्या वर्षांत त्याच वयाचा दुसरा मुलगा गाडीवर कचरा उचलत असतो, हेही विसरता येत नाही.

डेव्हिस यांनी यावर उत्तर दिलं होतं. आपला सिद्धांत पदांबद्दल आहे, त्या पदांवर कोणती माणसं पोचतात याबद्दल नाही. आणि कुटुंब मुलांना आपला दर्जा देऊ पाहतं, ही वेगळी गोष्ट आहे, असं त्यांनी सांगितलं. तर्क म्हणून हे नीटच आहे. पण मग गुणवान माणूस योग्य पदावर पोचतो, या मूळ दाव्याचा कणाच निघून जातो. जास्त मोबदला माणसाला तिथवर खेचतो, असं म्हणायचं असेल तर खेचलं जाण्याची वाट मोकळी हवी.

आपल्याकडे ही वाट किती बंद आहे, ते सफाईच्या कामात दिसतं. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला ती नोकरी मिळू शकते. अनेक कुटुंबांसाठी, आणि ती बहुतांशी दलित आहेत, हाच एक भक्कम आधार आहे. बाप निवृत्त झाला की पालिकेच्या वसाहतीतलं घर सोडावं लागतं, म्हणून शिकलेला मुलगाही झाडू हातात घेतो. हा हक्क काढून घ्या, असं मी मुळीच म्हणत नाही. दुसरं काही हाती न देता तो काढणं अन्याय होईल. पण पदवीधर मुलगा घर वाचवायला त्या हजेरी चौकीवर सही करतो, तेव्हा गुण आणि पद यांची जोडी मोबदल्याने लावली, असं कोणालाही म्हणता येणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहिलं होतं की जात ही नुसती श्रमविभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. डेव्हिस-मूर यांच्या चौकटीत नेमकी ही दुसरी विभागणी दिसत नाही.

तरी त्यांचा सगळा विचार टाकून द्यावा, असं मला वाटत नाही. अवघड आणि जोखमीच्या कामाला काही अधिक द्यावं लागतं, हे खरं आहे. सिद्धांत अडखळतो तो 'किती' या प्रश्नावर. दुप्पट पुरेल की पन्नासपट लागेल, हे तो सांगत नाही. जे अंतर आज आहे तेच आवश्यक होतं, असं धरून चालतो. त्यामुळे कोणी हा युक्तिवाद पुढे केला, तर मी त्याला दोन गोष्टी विचारते. हा पगार निम्मा केला तर खरोखर किती माणसं हे काम सोडतील? आणि प्रशिक्षणाच्या जागा दुप्पट करून सगळ्या मोफत केल्या, तर ही टंचाई किती वर्षं टिकेल?