मालकाचे बारा टक्के आणि मामांची वही

नमस्कार श्रोतेहो. मी 31 वर्षं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या हिशेब खात्यात काम केलं. पगारपत्रक आणि पीएफचं चलन ही माझी कामं. आज मालकाच्या वाट्याबद्दल बोलायचं आहे. तुमच्या पगारातून पीएफ कापला जातो आणि तेवढीच रक्कम मालक घालतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण पासबुक उघडलं की मालकाच्या नावापुढची रक्कम तुमच्यापेक्षा बरीच कमी दिसते. ती का कमी दिसते, आणि 15,000 रुपयांची पगारमर्यादा त्यात काय बदलते, तेवढंच सांगते.

सांगते एका माणसाच्या निमित्तानं. आमच्याकडे एक मोल्डर होते. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. वाळूचे साचे करायचे. बोटं कायम काळी, पण खिशात एक छोटी वही, आणि त्या वहीतलं अक्षर मात्र मोत्यासारखं. दर महिन्याला ऑफिसच्या खिडकीशी यायचे आणि म्हणायचे, ‘ताई, या महिन्याचं सांगा.’ मी तीन आकडे सांगायची: तुमचा वाटा, मालकाचा पीएफमधला वाटा आणि पेन्शनमधला वाटा. ते तिथंच उभ्यानं वहीत लिहून घ्यायचे. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी असं केलेलं मी पाहिलं नाही. पगाराची चिठ्ठी मराठीत छापली असती तर आणखी कितीतरी जणांनी केलं असतं, असं माझं मत आहे. ज्याच्या घामाचा तो हिशेब, त्याला तो त्याच्या भाषेत मिळायला हवा. हे मी नोकरीत असताना चार वेळा लेखी मागितलं होतं. असो.

तर 2014 साल. सप्टेंबरचा हिशेब घ्यायला मामा आले आणि आकडे ऐकून वही मिटलीच नाही त्यांनी. म्हणाले, ‘ताई, काहीतरी चुकतंय. गेल्या महिन्यात मालकाचं पीएफमधी एक हजार दोनशे एकोणसाठ होतं. या महिन्यात पाचशे पन्नास? माझं सातशे नऊ रुपये कुठं गेलं?’ मागं रांगेत दहा-बारा जण. सगळे गप्प झाले. पगार कमी झाला नव्हता, उलट वाढीची बोलणी चालू होती, आणि मालकाचा वाटा एकदम निम्म्याच्याही खाली.

मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 होता. त्याचे बारा टक्के म्हणजे 1,800. मामांचे 1,800 आणि मालकाचे 1,800. मामांचे सगळे पीएफमध्ये. त्यातला एक रुपयाही पेन्शनला जात नाही. श्रोतेहो, हे पक्कं ध्यानात घ्या, तुमचा वाटा पूर्ण पीएफचा. वाटणी होते ती फक्त मालकाच्या वाट्याची.

मामांची हळद होती अर्धा एकर, म्हणून मी पाटाच्या पाण्याचं उदाहरण दिलं. म्हटलं, मामा, मालकाचं पाणी आधी पेन्शनच्या वाफ्यात जातं, उरलेलं पीएफच्या वाफ्यात. पेन्शनच्या वाफ्यात पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे शंभराला आठ रुपये तेहतीस पैसे. पण त्या वाफ्याच्या बांधाची उंची सरकारनं ठरवलेली आहे. पगार कितीही असो, हिशेब एका मर्यादेपर्यंतच्याच पगारावर. ती मर्यादा 2001 पासून 6,500 होती. 6,500 वर 8.33 टक्के म्हणजे 541 रुपये. वाफा 541 ला भरायचा आणि 1,800 तले उरलेले 1,259 पीएफमध्ये जायचे. 1 सप्टेंबर 2014 पासून बांध उंच केला, मर्यादा 15,000 झाली. आता वाफ्यात 1,250 मावायला लागले. मग 1,800 मधून 1,250 गेले, राहिले 550.

मामांनी वहीत मांडून पाहिलं. 1,250 वजा 541, बरोबर 709. म्हणाले, ‘म्हणजे मालकानं खाल्लं न्हाई, पेन्शननं घेतलं.’ रांगेतल्या लोकांना बाहेर जाऊन त्यांनीच सांगितलं. मी पुन्हा सांगते: आधी पेन्शन, तेही मर्यादेपर्यंतच्या पगारावर. उरलेलं सगळं पीएफमध्ये.

पण दुसऱ्या दिवशी ते परत आले. रात्रभर विचार केला होता. ‘ताई, सातशे नऊ तिकडं गेलं ते कळलं. तिकडं त्याला व्याज लागतं का?’ प्रश्न नेमका होता. पेन्शनमध्ये गेलेल्या पैशाला तुमच्या नावावर व्याज लागत नाही. तिथं तुमची शिल्लक साठत नाही, वर्षं साठतात. पेन्शन निघते ती सूत्रानं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी, पण त्या मर्यादेच्या आत. मामा म्हणाले, ‘मग याचा निकाल मी रिटायर झाल्यावरच लागंल.’ वहीत 709 खाली त्यांनी रेघ मारून ठेवली.

मामा 2024 च्या ऑगस्टअखेरीला 58 चे झाले. तोपर्यंत मीही निवृत्त झाले होते, पण ते सांगलीला माझ्या घरी आले. सोबत मुलगी आणि तीच वही. त्यांचा पगार 24,000 झाला होता. मुलीनं मोबाईलवर गणित करून आणलं होतं: 24,000 गुणिले 17 वर्षं भागिले 70, म्हणजे महिना 5,829 रुपये. 17 वर्षं, कारण मामा आमच्याकडे 2007 च्या सप्टेंबरात लागले. त्याआधीच्या वर्कशॉपमध्ये पीएफ नव्हताच.

मला त्या मुलीला नाही म्हणताना वाईट वाटलं. म्हटलं, बाळ, 24,000 घ्यायचे नाहीत, कारण पेन्शनमध्ये 24,000 वर पैसे गेलेच नाहीत. 24,000 चे बारा टक्के 2,880. त्यातही पेन्शनला 1,250 च गेले, बाकीचे 1,630 पीएफमध्ये. ज्या पगारावर पैसे भरले, त्याच पगारावर पेन्शन. आणि सगळी 17 वर्षं 15,000 नंही धरायची नाहीत. 2014 च्या सप्टेंबरपूर्वीची 7 वर्षं 6,500 च्या मर्यादेत, नंतरची 10 वर्षं 15,000 च्या मर्यादेत. 6,500 गुणिले 7 भागिले 70, झाले 650. 15,000 गुणिले 10 भागिले 70, झाले 2,143. मिळून 2,793 रुपये.

मुलीचा चेहरा उतरला. मामा मात्र वहीची मागची पानं चाळत होते. त्यांनी 709 ची रेघ काढली आणि म्हणाले, ‘आता याचा निकाल लावा.’

मग आम्ही तिघांनी बसून तो लावला, चहा दोनदा झाला. मर्यादा 6,500 च राहिली असती तर 17 वर्षांची पेन्शन 1,579 झाली असती. वाढल्यामुळे 2,793. म्हणजे महिन्याला 1,214 जास्त. त्यासाठी दर महिन्याला 709 प्रमाणे 120 महिने पीएफमधून गेले, ती रक्कम 85,080. ती पीएफमध्ये राहिली असती तर व्याजासकट सव्वा लाखाच्या पुढे गेली असती. तेवढी रक्कम 1,214 च्या हप्त्यानं वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं लागतात. त्यानंतरचं सगळं वरकड. आणि मामांच्या माघारी मामींना निम्मी पेन्शन हयातभर, तीही धरायला हवी. मामा म्हणाले, ‘म्हणजे जो लई जगला त्याला पेन्शनचा वाफा बरा. ज्याला आज पोरीचं लगीन करायचंय, त्याला पीएफचा.’ मला इतकं नेमकं कधीच सांगता आलं नव्हतं. फक्त लग्नाबद्दल मी तेव्हाही बोलले आणि आज रेडिओवरही बोलते. पीएफ काढून मांडव घालू नका. मुलीच्या शिक्षणाला काढा, घराला काढा, पण एका दिवसाच्या जेवणावळीला नको.

आता दोन प्रसंग थोडक्यात, कारण चुका तिथंच होतात. ज्याचा पगार 15,000 पेक्षा कमी, त्याची वाटणी पगाराच्या प्रमाणातच होते. 12,000 वाल्याच्या मालकाच्या 1,440 पैकी 1,000 पेन्शनला आणि 440 पीएफला. तिथं मर्यादेचा संबंध येत नाही.

दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा. 1 सप्टेंबर 2014 नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि रुजू होतानाच ज्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता 15,000 च्या वर होता, तो पेन्शन योजनेत येतच नाही. मालकाचे पूर्ण बारा टक्के त्याच्या पीएफमध्ये जायला हवेत. पुन्हा सांगते, पहिल्यांदाच आलेला आणि सुरुवातीलाच 15,000 च्या वर. 14,000 वर लागून नंतर 20,000 वर पोचलेला पेन्शनमध्येच राहतो, 1,250 चालू राहतात. मी अशी चूक पाहिली आहे. एक मुलगा 18,000 वर पहिल्यांदाच लागला, पण अर्ज भरताना त्याला पेन्शनचा सभासद दाखवला. त्याचे 2,160 पूर्ण पीएफमध्ये जायला हवे होते, तिथं 910 च जात राहिले आणि महिना 1,250 पेन्शनला. सहा वर्षांनी नोकरी बदलताना अर्ज अडला. तेव्हा मागच्या सगळ्या महिन्यांची दुरुस्ती करावी लागली. हे ओळखणं सोपं आहे. असा कामगार असेल तर पासबुकातला पेन्शनचा रकाना शून्य हवा. तिथं 1,250 दिसले तर पहिल्याच महिन्यात हिशेब खात्याला लेखी कळवा.

मामा 58 नंतरही कारखान्यात राहिले, साचे करायला त्यांच्यासारखा हात मिळत नव्हता. त्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. ‘ताई, पेन्शनचा रकाना रिकामा आलाय. आता काय चुकलं?’ मी म्हटलं, मामा, काही चुकलं नाही. 58 पूर्ण झाली की पेन्शनच्या वाफ्याचं दार बंद होतं. मालकाचा पीएफचा रकाना किती आहे ते वाचा. पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला, मग मामा म्हणाले, ‘दोन हजार आठशे ऐंशी. पुरं.’