निळा फ्रॉक परत निळा, पण चेहरा हिरवा होऊ द्यायचा नाही

रंग उडालेला एक जुना फोटो कॉम्प्युटरवर सुधारायचा आहे. त्यातला हा जो फ्रॉक दिसतोय ना, आत्ता जांभळट तपकिरी, तो मुळात गडद निळा होता. प्रिंट सत्तरच्या दशकातली आहे. अशा कागदावर तीन रंगांचे थर असतात, निळसर सायन, गुलाबी मजेंटा आणि पिवळा, आणि त्या काळच्या बऱ्याच कागदांत अल्बममध्ये अंधारात ठेवूनसुद्धा सायन सगळ्यात आधी उडायचा. वर कागद स्वतःच पिवळा पडतो. म्हणजे बिघाड दोन आहेत, आणि एकाच झटक्यात दोन्ही काढायला गेलात की घोळ होतो.

स्कॅन १६ बिटमध्ये, स्कॅनरचं ऑटो कलर बंद. आता पांढरी बॉर्डर बघा, २५५ पैकी लाल २४२, हिरवा २३१ पण निळा फक्त १९६, हाच तो पिवळेपणा. फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कर्व्ह्समध्ये निळ्या चॅनलचं वरचं टोक डावीकडे सरकवून बॉर्डरचा निळा वाढवायचा, अगदी २४२ पर्यंत नाही, २३० च्या आसपास थांबायचं, कारण जुना कागद दुधासारखा पांढरा केला की फोटो खोटा वाटतो. मग काळे केस. तिथे लाल ७८ आणि हिरवा ४१, म्हणून केस लालसर दिसतायत. लाल चॅनलचं खालचं टोक उजवीकडे सरकवलं की केस काळे होतात, फ्रॉकही थोडा निळ्याकडे सरकतो.

आणि इथेच चेहरा बिघडतो. त्वचेत सायन मुळातच कमी, त्यामुळे उजेडातल्या गालाचं फारसं काही उडालेलंच नसतं, पण हनुवटीखालच्या सावलीत लाल कमी झाला की ती लगेच हिरवट राखाडी पडते, माणूस आजारी दिसतो. म्हणून याच कर्व्हच्या मास्कवर चेहरा, मान, हात मऊ ब्रशने राखाडी रंगवायचे, साधारण निम्मा परिणाम ठेवायचा. तपासायला आकडे CMYK मध्ये बघा: त्वचेत पिवळा मजेंटापेक्षा थोडा जास्त, सायन मजेंटाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. सायन त्याच्या वर गेला की हात आवरा.

आता फ्रॉक, वेगळ्या लेयरवर. यात सपाट निळा ओतायचा नाही, तो लगेच रंगवलेला कळतो. चॅनल मिक्सरमध्ये लाल आउटपुटला लाल ६० आणि हिरवा ४० द्या, कारण लालमध्ये चुण्या पुसट झाल्यात पण हिरव्यात अजून शाबूत आहेत, त्या तिथून उधार मिळतात. मग लाल अजून थोडा खाली. कॉलरची कड दोन-तीन पिक्सेल मऊ ठेवा, नाहीतर मानेवर निळी रेघ उमटते.

एक मात्र आहे, मूळ निळा नेमका कोणता होता हे प्रिंट सांगत नाही. त्याच दिवसाची निगेटिव्ह किंवा स्लाइड सापडली तर तिच्याशी ताडून बघा, नाहीतर सॅच्युरेशन मनातल्यापेक्षा थोडं कमीच ठेवा. आणि मूळ स्कॅनची फाइल वेगळी जपून ठेवा, तिच्यावर सेव्ह करू नका.