गहाण ठेवलेले शेअर आणि जानेवारीतला एक शुक्रवार

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले शेअर. कंपनी सुरू करणारं आणि तिची सूत्रं हातात ठेवणारं जे घराणं किंवा जो गट असतो, तो म्हणजे प्रवर्तक. या मंडळींची संपत्ती बहुतेक शेअरमध्येच असते. पैसे हवे झाले की शेअर विकावे लागतील, आणि विकले तर कंपनीवरची पकड सुटेल. म्हणून मग ते शेअर गहाण टाकतात आणि कर्ज घेतात.

सोनं तारण ठेवून कर्ज कसं मिळतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथेही तसंच, फक्त एक फरक आहे आणि तो मोठा आहे. तुम्ही बांगड्या गहाण टाकल्याची बातमी फुटली म्हणून सोन्याचा भाव पडत नाही. शेअरचा पडतो. आज जे काही सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यात आहे, म्हणून पुन्हा सांगते: प्रवर्तकाने शेअर गहाण टाकलेत आणि तो अडचणीत आहे, एवढं कळलं तरी त्या तारणाचीच किंमत घसरते.

आकडे कानाला सोपे ठेवते. समजा प्रवर्तकाने एक कोटी शेअर गहाण ठेवले, भाव दोनशे रुपये. तारण झालं दोनशे कोटींचं, आणि कर्ज घेतलं शंभर कोटींचं. करारात लिहिलंय, तारण नेहमी कर्जाच्या दुप्पट हवं. आता भाव दीडशेवर आला. तारण उरलं दीडशे कोटींचं. सावकार म्हणतो, पन्नास कोटींचे आणखी शेअर आणा. दीडशेच्या भावाने ते होतात तेहतीस लाखांहून जास्त. म्हणजे भाव पडला की जास्त शेअर अडकतात, आणि शिल्लक शेअर संपले की रोख रक्कम द्यावी लागते. रोख असती तर कर्ज कशाला काढलं असतं? मग सावकार गहाणाचा हक्क बजावतो, बाजाराच्या भाषेत प्लेज इन्व्होक करतो. शेअर त्याच्या नावावर नोंदले जातात आणि तो ते विकू शकतो. त्याने बाजारात विकले की भाव आणखी पडतो, आणि दुसऱ्या सावकाराचंही तारण अपुरं पडतं.

आता ती गोष्ट. मला ही फार आवडते, त्यामुळे थोडा वेळ घेणार आहे.

25 जानेवारी 2019. शुक्रवार, दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. दुपारी झी एंटरटेनमेंटचा शेअर कोसळायला लागला. हो, तीच झी, जिच्या मराठी मालिकांशिवाय आपल्याकडे कित्येक घरांत रात्रीचं जेवण होत नाही. बाजार बंद होताना भाव एका दिवसात सुमारे 26 टक्के पडला होता, आणि त्याच समूहाच्या डिश टीव्हीचा सुमारे 33 टक्के. निमित्त म्हणून एका बातमीचं नाव घेतलं गेलं. नोटाबंदीनंतर मोठ्या रकमा जमा झाल्यामुळे चौकशीत आलेल्या एका कंपनीशी ही बातमी समूहाचा संबंध जोडत होती. समूहाने तो संबंध नाकारला. पण लक्षात घ्या, टीव्हीच्या धंद्यात त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं. जाहिराती चालू, मालिका चालू, नफा चालू.

मग एवढी पडझड का? कारण प्रवर्तकांकडे कंपनीचे सुमारे 41 टक्के शेअर होते आणि त्यातले जवळपास 59 टक्के गहाण होते. बाजाराला हे ठाऊक होतं. नोव्हेंबरातच समूहाने सांगितलं होतं की आमच्या हिश्शातला निम्म्यापर्यंत भाग आम्ही भागीदार शोधून विकणार आहोत. बाजाराने त्याचा अर्थ लावला, घर अडचणीत आहे. मग शुक्रवारी भाव पडला तशी प्रत्येकाला एकच धास्ती, सावकार गहाण शेअर विकायला काढतील. आणि त्या धास्तीनेच भाव आणखी पडला.

त्याच दिवशी झीचे संस्थापक सुभाष चंद्र यांनी एक खुलं पत्र काढलं. कर्ज देणाऱ्या बँका, वित्तसंस्था आणि म्युच्युअल फंडांची त्यात माफी मागितली होती. पायाभूत क्षेत्रातल्या बोली चुकल्या आणि त्यात चार ते पाच हजार कोटी गेले, व्हिडिओकॉनचा डीटूएच हा डिश टीव्हीसारखाच धंदा घेणं चुकलं, भावाभावांच्या वाटण्यांत कर्जाचा बोजा अंगावर घेतला, हे सगळं त्यात होतं. आणि विनंती अशी, की घाबरून शेअर विकू नका, हिस्सा विकून होईपर्यंत थांबा. (जाता जाता माझं एक मत. चांगला चालणारा धंदा सोडून रस्ते आणि वीज बांधायला निघालेल्या घराण्यांची यादी केली तर हा कार्यक्रम पुरणार नाही. पण तो वेगळा विषय.)

रविवारी, 27 तारखेला, सावकारांबरोबर बैठक झाली आणि तोडगा निघाला: तूर्त कोणीही गहाणाचा हक्क बजावणार नाही. पुढे ही मुदत 30 सप्टेंबरपर्यंत ठरली. बाजारात याला स्टँडस्टिल म्हणाले. सोमवारी भाव चांगलाच वर आला.

आता मला खरी आवडती जागा येते. हे सावकार कोण होते? बँका होत्याच, पण म्युच्युअल फंडही होते. म्हणजे पैसा कोणाचा? तुमचा. फंडांच्या मुदतबंद योजनांनी, एफएमपी म्हणतात त्यांना, कोंती इन्फ्रापॉवर आणि एडिसन युटिलिटी वर्क्स अशा नावांच्या कंपन्यांचे रोखे घेतले होते. या कंपन्यांची नावं कोणी ऐकली होती? त्या रोख्यांमागचा भक्कम आधार म्हणजे गहाण ठेवलेले झीचे शेअर. एप्रिल 2019 मध्ये कोटक आणि एचडीएफसीच्या काही योजनांची मुदत भरली, पण पैसे मात्र झीचा हिस्सा विकला जाण्यात अडकलेले. कोटकने मुदतीला काही भाग दिला आणि उरलेला नंतर, एचडीएफसीने मुदत पुढे न्यायचा पर्याय ठेवला. आणि ही योजना कित्येकांना ‘एफडीसारखीच आहे हो’ असं सांगून विकलेली असते, हेही तुम्हाला ठाऊक आहे. बँकेच्या काउंटरवर हसून पुढे केलेला प्रत्येक कागद एफडी नसतो.

शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला तो स्टँडस्टिल पसंत पडला नाही. म्युच्युअल फंडांच्या नियमांत अशा थांबण्याला जागाच नाही, अशी तिची भूमिका होती. ऑगस्ट 2021 मध्ये तिने कोटकच्या फंड कंपनीला पन्नास लाखांचा दंड केला, या योजनांवरच्या शुल्काचा काही भाग परत करायला लावला आणि नवी एफएमपी आणायला सहा महिने मनाई केली. मला मात्र फंडांची बाजूही थोडी दिसते. त्या शुक्रवारनंतर सगळ्यांनी एकदम विकायला काढलं असतं तर हाती काय लागलं असतं? चूक झाली होती ती रोखे घेताना.

तिकडे हिस्सा विकणं सुरू झालं. जुलै 2019 मध्ये इन्वेस्को ओपनहायमर या परदेशी फंडाने 11 टक्के हिस्सा 4,224 कोटींपर्यंत घ्यायचं ठरलं. तेवढ्याने भागलं नाही. नोव्हेंबरात कर्ज फेडण्यासाठी आणखी साडेसोळा टक्के गेला, आणि त्याच महिन्यात सुभाष चंद्र अध्यक्षपदावरून उतरले. 41 टक्क्यांचे पुढे चार-पाच टक्के झाले. आणि सप्टेंबर 2021 मध्ये, तोपर्यंत सुमारे 18 टक्के हिस्सा असलेल्या इन्वेस्कोनेच चंद्र यांचे चिरंजीव पुनीत गोएंका यांना संचालक मंडळावरून काढा अशी मागणी केली. त्यांचं पद टिकलं, मार्च 2022 मध्ये इन्वेस्कोने मागणी मागेही घेतली. पण ज्या घराण्याने चॅनेल उभं केलं, त्याला आपल्याच कंपनीत खुर्ची राखायला लढावं लागलं.

आता नियम, थोडक्यात. गहाण जाहीर करायचं बंधन 2009 पर्यंत नव्हतं. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत प्रवर्तक रामलिंग राजूंचे बहुतेक शेअर गहाण होते आणि सावकारांनी ते विकून टाकले, हे लोकांना फार उशिरा कळलं. 2009 च्याच जानेवारीत सेबीने नियम आणला. आजच्या टेकओव्हर नियमावलीनुसार शेअर गहाण टाकले, सोडवले किंवा सावकाराने हक्क बजावला, या तिन्ही गोष्टी सात कामाच्या दिवसांत शेअर बाजाराला आणि कंपनीला कळवायच्या. तिन्ही, श्रोतेहो: टाकले, सोडवले, हक्क बजावला. 2022 पासून डिपॉझिटरीतल्या, म्हणजे आपले शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या संस्थेतल्या, नोंदीवरून ही माहिती आपोआपच बाजाराकडे जाते.

झीच्या प्रकरणानंतर, ऑगस्ट 2019 मध्ये, आणखी एक कलम आलं. गहाण प्रवर्तकाच्या हिश्शाच्या निम्म्यावर पोचलं, किंवा कंपनीच्या एकूण भांडवलाच्या 20 टक्क्यांवर, तर दोन कामाच्या दिवसांत कारण सांगायचं. पैसे कशासाठी काढले, कोणाकडून, तारण किती. ‘विकणार नाही’ असं नुसतं लिहून दिलेलं हमीपत्रही आता गहाणासारखाच शेअरवरचा बोजा धरलं जातं. पूर्वी ही पळवाट फार वापरात होती.

सावकाराने हक्क बजावला म्हणजे शेअर त्याचे झाले का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये पीटीसी इंडिया फायनान्शियलच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. डिपॉझिटरीत नाव चढलं तरी ती विक्री नव्हे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे सावकाराने वाजवी नोटीस द्यायची आणि तिसऱ्याला विकायचं. स्वतःच स्वतःला विकून ‘कर्ज फिटलं’ म्हणता येत नाही. आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्जदाराला पैसे भरून शेअर सोडवता येतात.

हे पाहायचं कुठे? बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाका आणि शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडा. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत तो येतो. प्रवर्तकांच्या ओळीत गहाण शेअरचा रकाना आहे. तिथला टक्का प्रवर्तकाच्या हिश्शाचा असतो, कंपनीचा नव्हे. झीचे 41 पैकी 59 टक्के, म्हणजे कंपनीचे सुमारे 24 टक्के. दोन्ही काढून बघा. आणि मागच्या तीन-चार तिमाहींचे आकडे शेजारी ठेवा. भाव पडत असताना गहाण वाढत चाललं असेल तर ते बहुधा नवं कर्ज नसतं, जुन्याच कर्जासाठी मागितलेलं जादा तारण असतं.