नेहमी उशिरा पैसे देणारा ग्राहक: प्रत्येक रिमाइंडरला शब्द कसे बदलायचे?

नमस्कार! आज बोलायचंय ते पैसे बुडवणाऱ्या ग्राहकाबद्दल नाही. हा ग्राहक पैसे देतो, पण दर वेळी मुदत उलटून तीन आठवडे गेल्यावर.

माझ्याकडे असा एक ग्राहक होता. एकदा मी त्याला वर्षभरात पाठवलेले सगळे मेसेज एकाखाली एक लावून वाचले. पैसे दर वेळी तिसऱ्या मेसेजनंतरच आले होते. पहिल्या दोन मेसेजमध्ये मी लिहायचे, "सवडीने बघाल का?" तिसऱ्यात पहिल्यांदा तारीख असायची. म्हणजे पहिले दोन वाचून सोडून द्यायचे, हे त्याला माझ्याच शब्दांनी शिकवलं होतं.

तुम्हीही आधी हेच करा. जुने मेसेज काढा आणि कोणत्या वाक्यानंतर पैसे आले ते शोधा. ते वाक्य पुढच्या वेळी लवकर वापरायचं.

आता एक उदाहरण घेऊ. बिल नंबर 214, तारीख 1 मार्च, मुदत 30 दिवस. म्हणजे 31 मार्चपर्यंत पैसे यायला हवेत.

पहिला मेसेज मुदतीच्या आधीच, 26 मार्चला. "बिल 214 ची मुदत 31 मार्चला संपते. बिल पुन्हा जोडलं आहे. त्यात काही दुरुस्ती हवी असेल तर 28 तारखेपर्यंत कळवा." सूर साधा ठेवायचा. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. नाहीतर महिनाभराने ऐकायला मिळतं, "अहो, बिलात चूक होती, म्हणून थांबवलं." तेव्हा हा मेसेज दाखवता येतो. आणि खरंच चूक असेल, तर ती वेळेत कळते.

दुसरा 2 एप्रिलला. इथे बहुतेक जण लिहितात, "कदाचित आपल्या नजरेतून राहिलं असेल." एखाद्या वेळी उशीर करणाऱ्याला हे चालतं. नेहमीच्या माणसाला नाही, कारण सबब आपणच त्याच्या हातात देतो. त्याऐवजी लिहा, "बिल 214 ची मुदत 31 मार्चला संपली, रक्कम जमा झालेली नाही. पैसे कोणत्या तारखेला जमा होतील ते उद्यापर्यंत कळवा." "कधी देता?" विचारलं की "लवकरच" असं उत्तर येतं. तारीख विचारली की तारीख येते. समजा तो म्हणाला, 8 एप्रिल.

8 तारीख गेली, पैसे नाहीत. 9 तारखेचा तिसरा मेसेज सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यातले शब्द त्याचेच असतात. "3 एप्रिलला आपण 8 तारखेला पैसे जमा करतो असं कळवलं होतं. आज 9 तारीख आहे. 15 एप्रिलपर्यंत पूर्ण रक्कम जमा करा." इथे "कृपया", "विनंती", "आमचीही अडचण आहे" हे सगळं काढून टाका. तुमची अडचण सांगितली की बोलणं अडचणींवर जातं, आणि त्याच्याकडेही अडचणी असतातच. चिडके शब्दही नकोत. "वारंवार", "बेजबाबदारपणे" असे शब्द आले की तो पैशांबद्दल न बोलता अपमानाबद्दल बोलायला लागतो. तारखा पुरेशा बोलतात.

या टप्प्यावर थोडी रक्कम येऊ शकते. लगेच लेखी कळवा: इतके मिळाले, इतके बाकी, 15 तारीख कायम. हे लिहिलं नाही तर उरलेल्या रकमेची मुदत आपोआप वाढल्यासारखी होते.

चौथा 16 एप्रिलला. इथे पहिल्यांदा परिणाम येतो. "बिल 214 पूर्ण होईपर्यंत नवीन काम सुरू करणार नाही. रक्कम जमा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू करू." दुसरं वाक्य हवंच. दार बंद केलं तसं ते कशाने उघडेल हेही सांगायला हवं. हा मेसेज, तुमची ओळख असेल तर, ज्याच्या सहीने पैसे सुटतात त्यालाही पाठवा. पुष्कळदा रोज आपल्याशी बोलणाऱ्या माणसाच्या हातात काहीच नसतं.

आणि इथे एक चूक फार महागात पडते: काम थांबवतो म्हणायचं आणि एका गोड फोनवर सुरू करायचं. मग पुढच्या बिलाला चौथ्या मेसेजचीही किंमत उरत नाही. जे करणार नसाल ते लिहू नका. व्याजाचंही तसंच, ते आधी करारात ठरलेलं असेल तरच उल्लेख करा.

पाचवा शेवटचा, 24 एप्रिलला. "30 एप्रिलपर्यंत रक्कम न आल्यास हे प्रकरण वकिलांकडे देत आहोत. याआधीचे चारही मेसेज आणि बिल सोबत जोडलं आहे." वकिलांशी आधी बोलून घ्या, मगच हे वाक्य लिहा.

आपल्या उदाहरणातला ग्राहक बहुधा चौथ्यावरच पैसे भरेल. तेव्हा त्याच दिवशी आणखी एक मेसेज पाठवा: "बिल 214 ची पूर्ण रक्कम मिळाली, धन्यवाद. उद्यापासून काम सुरू. पुढच्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ लागेल."