लॅपटॉपचा पासवर्ड विसरलात? आधी नावाखाली काय लिहिलंय ते बघा

श्रोतेहो, नमस्कार.

चवथीची सुट्टी संपली की आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर काही लॅपटॉप हमखास येतात. ते बिघडलेले नसतात. दहा-पंधरा दिवस बंद होते आणि मालक पासवर्ड विसरले, एवढंच. त्यातल्या बऱ्याच जणांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं, "आता फॉरमॅटच करावा लागेल." फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी काय करता येतं, ते आज सांगतो.

पहिल्यांदा पडद्यावर आपल्या नावाखाली बघा. तिथे ईमेलचा पत्ता दिसत असेल, तर ते मायक्रोसॉफ्टचं खातं. त्याचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर बदलता येतो. नुसतं नाव असेल, तर ते लोकल खातं असू शकतं, म्हणजे त्या एका लॅपटॉपपुरतं; पण मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा ईमेलही कधी कधी लपलेला असतो. त्याचा पासवर्ड बाहेर कुठेच ठेवलेला नसतो. म्हणून कंपनीला फोन करून काही उपयोग नाही. आजचं बोलणं या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

आता कीबोर्ड तपासा. आपल्याकडे मराठी किंवा कोंकणी टाईप करणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये दोन कीबोर्ड असतात. उजव्या कोपऱ्यात खाली ENG दिसायला हवं. तिथे दुसरं काही असेल, तर तुम्ही दाबता इंग्रजी अक्षरं, पण आत उमटतं देवनागरी, आणि ठिपक्यांमुळे ते कळतही नाही. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. पासवर्डच्या चौकटीतला डोळा दाबून धरला की लिहिलेलं दिसतं. शेजारी कुणी नाही ना, एवढं बघा. आणि अंदाजाने मारा करत बसू नका. विंडोज ११ च्या नव्या बसवणुकीत दहा चुकांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं. तसं झालं तर घाबरू नका, थांबा.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका आणि OK म्हणा. चौकटीखाली Reset password असा दुवा येतो का बघा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून, लोकल खातं बनवताना तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात. जन्म कुठल्या शहरात झाला, पहिली शाळा कुठली, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय, असे. तिन्ही उत्तरं जुळली की तिथल्या तिथे नवा पासवर्ड ठेवता येतो. फायली जागच्या जागी राहतात.

आणि घोडं अडतं ते याच उत्तरांवर. फोंड्याच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. जन्म पेडण्याचा. त्यांनी इंग्रजीत Pedne लिहिलं, विंडोजने नाकारलं. बाई वैतागल्या, "माझा जन्म मला ठाऊक नाही काय?" मी विचारलं, खातं कुणी करून दिलं? म्हणाल्या, पुतण्याने. मी उत्तरं सांगत गेले, तो टाईप करत गेला. म्हणजे उत्तरं बाईंची, पण स्पेलिंग पुतण्याचं. त्याला फोन लावला. त्याने सरकारी पद्धतीने Pernem लिहिलं होतं. शाळेच्या नावातही तेच झालेलं. बाई पूर्ण नाव लिहीत होत्या, त्याने गावाचं नाव गाळलेलं होतं. तो म्हणेल तसं एकेक लिहीत गेलो आणि दार उघडलं. गोव्यात हा घोळ जागोजागी आहे. म्हापसा Mapusa की Mhapsa, फोंडा Ponda की Fonda, पणजी Panaji की Panjim. यंत्राला गाव कळत नाही, अक्षरं कळतात. म्हणून ज्याने खातं उघडून दिलं, त्याला आधी विचारा, तू कसं लिहिलं होतंस?

प्रश्न ठेवलेच नसतील, तर त्याच लॅपटॉपवर घरातल्या दुसऱ्या कुणाचं खातं आहे का बघा. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दर्जाचं असेल, तर त्यातून तुमचा पासवर्ड बदलता येतो. त्या खात्यात शिरा, शोधपट्टीत cmd लिहा आणि Run as administrator निवडा. काळी खिडकी उघडते. आधी नुसतं net user लिहून एंटर दाबा, म्हणजे खात्यांची खरी नावं दिसतील. ही पायरी गाळू नका, कारण पडद्यावर दिसणारं नाव आणि खात्याचं आतलं नाव वेगळं असू शकतं. समजा यादीत savita आहे. मग हे लिहा, हळू सांगतो: नेट, जागा, यूझर, जागा, खात्याचं नाव, जागा, तारा.

```
net user savita *
```

नवा पासवर्ड दोनदा विचारला जातो. टाईप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बंद पडला असं वाटतं, पण अक्षरं आत जात असतात. शेवटी The command completed successfully आलं की झालं. System error 5 आलं, तर खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली नाही किंवा ते खातं त्या दर्जाचं नाही.

या वाटेला एक किंमत आहे, ती आधी कळलेली बरी. दुसऱ्याने बाहेरून पासवर्ड बदलला की फोटो, पत्रं, हिशेब नेहमीसारखे उघडतात. पण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्या सोयीने कुलूपबंद केलेल्या फायली जुन्या पासवर्डला बांधलेल्या असतात, त्या हातच्या जाऊ शकतात. पुढे कधी जुना पासवर्ड आठवला, तर तोच परत ठेवून बघा. बहुधा त्या पुन्हा उघडतात.

दोन्ही वाटा बंद असतील, तर मग मात्र सगळं पुसून विंडोज नव्याने बसवावं लागतं. प्रवेशाच्या पडद्यावर शिफ्ट धरून Restart निवडायचं, मग Troubleshoot, Reset this PC, आणि Remove everything. पण ते बटण दाबण्याआधी फायली बाहेर काढायला सांगा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला की विंडोजच्या पासवर्डशिवाय डिस्क वाचता येते. त्याआधी शिफ्ट धरून Shut down करा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर मात्र ४८ आकड्यांची किल्ली लागते. ती कागदावर, पेनड्राइव्हवर किंवा एखाद्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का बघा. ती नसेल, तर डिस्कवरचा मजकूर कुठलाही कारागीर काढून देऊ शकत नाही. आणि "देतो" म्हणाला, तर पैसे आधी देऊ नका.

आत शिरलात की त्याच दिवशी एक काम उरका. पेनड्राइव्ह लावा आणि शोधपट्टीत password reset disk असं लिहा. सध्याचा पासवर्ड विचारून विंडोज त्यावर userkey.psw नावाची छोटी फाईल ठेवतं. नंतर पासवर्ड कितीदा बदलला तरी ही फाईल त्या खात्याला चालते, आणि वर सांगितलेलं ब्राउझरचं नुकसानही टळतं. अर्थात ती ज्याच्या हाती पडेल, त्यालाही चालते. म्हणून लॅपटॉपच्या पिशवीत नको, घरच्या कपाटात ठेवा.