आठ महिने म्हणजे शून्य पूर्णांक आठ वर्षे नव्हेत

श्रोतेहो, नमस्कार. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या वेळी औषधं, खतं आणि मजुरीसाठी अनेकजण उसने पैसे घेतात आणि माल विकला गेला की फेडतात. म्हणजे कर्ज पुऱ्या वर्षाचं नसतं, काही महिन्यांचं असतं. व्याजाचा हिशेब चुकतो तो इथेच.

समजा, 1 ऑक्टोबरला 80,000 रुपये घेतले, सरळव्याजाचा दर दरसाल दर शेकडा 12, आणि परतफेड 1 जूनला. आधी महिने मोजू. बोटांवर ऑक्टोबरपासून जूनपर्यंत मोजलं तर नऊ भरतात. पण जून अजून वापरलेलाच नाही. 1 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर हा एक महिना, असं तारखेपासून तारखेपर्यंत मोजत गेलं की आठच होतात.

आता कागद-पेन्सिल घ्या. शंभराला वर्षाचे 12 रुपये, म्हणजे 80,000 ला वर्षाचे 9,600 रुपये. दर वर्षाचा आहे, तेव्हा महिन्यांचंही वर्षच करायला हवं: 8 भागिले 12, म्हणजे वर्षाचे दोन तृतीयांश. 9,600 चे दोन तृतीयांश 6,400. हेच व्याज. पडताळा घ्यायचा तर 9,600 ला 12 ने भागा, महिन्याचे 800 येतात, आणि आठ महिन्यांचे 6,400.

कॅल्क्युलेटरवर मात्र बरेचजण आठ महिन्यांसाठी 0.8 दाबतात. मग व्याज 7,680 दिसतं, तब्बल 1,280 रुपये जास्त. वर्षाचे महिने बारा, दहा नव्हेत, म्हणून दशांश चिन्हापुढे महिने तसेच लिहिता येत नाहीत. एक वर्ष तीन महिने म्हणजे 1.3 नाही, 1.25 वर्षे. एक वर्ष दहा महिने कुणी 1.10 लिहिले, तर उलट कर्ज देणाऱ्याचं नुकसान होतं, कारण ती खरं तर 1.83 वर्षे आहेत.

गावात सावकारीचा दर वेगळ्या भाषेत सांगतात: ‘शेकडा दोन रुपये’. तो बहुधा महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला 24 टक्के. तिथे आठ महिन्यांना थेट आठनेच गुणायचं, बाराने भागायचं नाही. म्हणून पैसे हातात घेण्याआधीच विचारा, दर महिन्याचा की सालाचा?

मध्येच काही रक्कम फेडली तर हिशेबाचे दोन तुकडे करा. आपल्याच उदाहरणात 1 मार्चला 30,000 रुपये मुद्दलापोटी दिले असं धरू. पहिले पाच महिने 80,000 वर, महिना 800 प्रमाणे 4,000. पुढचे तीन महिने उरलेल्या 50,000 वर, महिना 500 प्रमाणे 1,500. एकूण 5,500. 6,400 मागितले, तर मधल्या फेडीचे 900 रुपये धरलेलेच नाहीत. त्यासाठी 1 मार्चच्या पावतीवर तारखेबरोबर ‘मुद्दलापोटी’ हा शब्द लिहून घ्या.