फोडणीचं तेल, विळीचं पातं

(दृश्य: सकाळचं स्वयंपाकघर. कढल्यात मोहरी तडतडते आहे.)

तेल उडालं आणि मनगटाच्या वर, हातावर पडलं. रुपयाएवढा लाल चट्टा उठला. घरातलं कुणी हळदीचा डबा उघडतं, कुणी टूथपेस्ट शोधतं. दोन्ही राहू द्या. आधी गॅस बंद, मग नळ.

तेल पुसलं तरी त्याची धग कातडीत उतरलेली असते, आणि ती आतल्या आत भाजत राहते. ती काढायला साधं गार, वाहतं पाणी लागतं. तेही सलग 20 मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटतं म्हणून हात बाहेर काढला जातो, आणि नेमकं तिथेच चुकतं. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. भाजून तीन तास व्हायचे असतील, तर उशिरा धरलेलं पाणीही उपयोगी पडतं. बर्फ मात्र नको, त्याने इजा वाढू शकते.

(दृश्य: धारेखाली हात. बांगड्या हळूच उतरवल्या जातात.)

बांगड्या, घड्याळ, अंगठी आत्ताच काढा. सूज चढली की निघत नाहीत. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. फोड आला तर फोडू नका, त्याच्याखाली जखम झाकलेली असते. वरून धुतलेलं, धागे न सुटणारं सुती कापड सैलसर ठेवा. हळद लावली की जखमेचा रंग झाकला जातो, आणि किती खोल भाजलंय ते डॉक्टरांना त्या रंगावरूनही पाहायचं असतं.

चट्टा भाजलेल्याच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हाता-पायाचे पंजे, सांधे किंवा गुप्तांगावर असेल, विजेने किंवा रसायनाने भाजलं असेल, तर घरी थांबू नका. लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तरीही दाखवाच. कातडी पांढरी किंवा काळी पडली आणि दुखतच नाही, हे चांगलं लक्षण समजू नका. खोल भाजल्यावर दुखणं कळतच नाही. धूर नाकातोंडात जाऊन श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर लगेच 108 ला फोन करा.

(दृश्य: विळी. अर्धी चिरलेली भाजी.)

बोट कापलं तर स्वच्छ कापडाने थेट जखमेवर दाबा आणि हात वर धरा. दहा मिनिटं उघडून पाहू नका. पाहिलं की धरू लागलेली गुठळी निघते. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने धुवा आणि पट्टी लावा. विळी गंजलेली असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

मग बोट वाकवून बघा. ते वाकत नसेल, टोक बधिर वाटत असेल किंवा जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, तर रक्त थांबलं असलं तरी दवाखान्यात जा. दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा उसळून येत असेल, तर दाब न सोडता 108. काच आत रुतली असेल तर ती उपसू नका. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबून धरा आणि तसंच रुग्णालय गाठा.